‘उत्तर नको’ हे पहिल्या ओळीत: आजारपणाच्या लांब रजेतले चार मेसेज

हे प्रकरण माझ्याच टीममधलं आहे आणि त्यातली पहिली चूकही माझीच. ओळख पटू नये म्हणून कुणाचंच नाव लिहीत नाही. आजार कोणता हेही लिहिणार नाही, कारण तो मलाही पुरता माहीत नव्हता आणि माहीत करून घेण्याचं काही कारणही नव्हतं.

आमची सात जणांची टीम. पुरवठादारांची बिलं तपासायची, फरक शोधायचे आणि महिनाअखेरीला हिशेब जुळवून द्यायचा, हे आमचं काम. हा सहकारी सहा वर्षं माझ्याबरोबर आहे. जुने, किचकट फरक सोडवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. एक दिवस येऊन म्हणाला, “मॅडम, ऑपरेशन आहे. नंतर बराच काळ झोपून राहावं लागणार.” डॉक्टरांनी बारा आठवड्यांची रजा लिहून दिली होती.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बसलो. कुठली फाइल कुठे आहे, कुठल्या पुरवठादाराचं काय अडलंय, कुणाला काय सोपवायचं, सगळं लिहून घेतलं. त्या चाळीस मिनिटांत एक प्रश्न मात्र मी विचारला नाही: रजेत मी तुला मेसेज केलेला चालेल का, कुठे करू, किती दिवसांनी करू? तेव्हा तो सुचलाच नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे. कामगार आणि मालक यांच्या संबंधांवर सल्ला देणारी ब्रिटनमधली अॅकास ही संस्था नेमकं हेच सांगते की आजारपणाच्या रजेत संपर्क कसा आणि किती वेळा ठेवायचा हे दोघांनी शक्य तितक्या लवकर ठरवून घ्यावं. हे मी वाचलं तेव्हा तिसरा आठवडा उलटून गेला होता.

पहिला मेसेज

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी नऊ वीसला, मी त्याला हे पाठवलं:

“कसा आहेस रे? ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं ना? इथे सगळे तुझी खूप आठवण काढतात, तुझ्याविना महिनाअखेर म्हणजे नुसती धावपळ झाली! दुखणं कमी आहे का आता? डॉक्टर काय म्हणतात, साधारण कधीपर्यंत? काही घाई नाही, अंदाज यावा म्हणून विचारतेय. सवडीने कळव. लवकर बरा हो!”

मला तो मेसेज चांगला वाटला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. मनापासून लिहिला होता. नऊ मिनिटांत उत्तर आलं:

“सॉरी मॅडम, मीच कळवायला हवं होतं. आता बराच बरा आहे. डॉक्टरांनी नक्की सांगितलेलं नाही, पण विचारून सांगतो. जुन्या फरकांचं काही अडलं असेल तर फोन करा, दुपारी मी मोकळाच असतो.”

हे वाचून मला बरं वाटलं. माणूस सुधारतोय, जबाबदारीची जाणीव आहे, वगैरे. बुधवारी सकाळी आमची सामायिक शीट उघडली तर एका रकान्यात त्याची टीप होती: “हा फरक मागच्या तिमाहीतल्या क्रेडिट नोटचा आहे, बघून घ्यावा.” खाली वेळ होती, रात्री ११ वाजून ५२ मिनिटं.

ऑपरेशन होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि हा मध्यरात्री बिलांचे फरक शोधत होता. मी त्याला काम सांगितलं नव्हतं, पण मला न सांगता हे त्याने माझ्या मेसेजमुळेच केलं होतं यात शंका नव्हती. उत्तर पुन्हा वाचलं तेव्हा आधी न दिसलेलं दिसलं. नऊ मिनिटांत उत्तर देणारा माणूस आराम करत नव्हता, फोन उशाशी घेऊन पडला होता. त्याने सुरुवातच माफीने केली होती, म्हणजे तीन आठवडे न कळवल्याचं ओझं त्याच्या डोक्यावर होतं किंवा माझ्या मेसेजने ते चढवलं होतं. आणि कुणी मागितलं नसताना त्याने कामाची तयारी दाखवली होती. लगेच आलेलं उत्तर, माफी आणि न मागता दिलेली तयारी ही तिन्ही एकत्र दिसली की मेसेजने काळजी पोचवलेली नसते, तगादा पोचवलेला असतो. मी मात्र त्यालाच उत्साह समजले.

प्रश्न मोजा

एचआरमधल्या सहकारी बाईंकडे गेले. त्यांनी माझ्या फोनवर मेसेज वाचला आणि म्हणाल्या, “आधी प्रश्नचिन्हं मोजा.”

चार होती. पाचवा प्रश्न चिन्हाशिवाय होता: सवडीने कळव.

“यातल्या एकाचं तरी उत्तर तुम्हाला कामासाठी हवं होतं का?”

नव्हतं. तारीख हवी होती, पण ती माझ्याकडून विचारायचीच नव्हती. रजेचे दाखले, मुदतवाढ, परतीची तारीख हे सगळं एचआरकडे येतं, त्यांच्या ठरलेल्या फॉर्मवर आणि ठरलेल्या वेळी. तीच गोष्ट मी प्रेमाच्या मेसेजमध्ये गुंडाळून विचारली की त्या मेसेजचा रंगच बदलतो. वर ‘अंदाज यावा म्हणून’ लिहिलं की तारीख हवीच आहे एवढंच कळतं.

आमच्यातलं एक अंतर मी विसरले होते, जे रोज माझ्या तोंडात असतं. मी त्याला अरे-तुरे करते, तो मला अहो-जाहो करतो. सहा वर्षांची ओळख असूनही हे बदललेलं नाही आणि ते तसं असण्यात काही वावगंही नाही. पण म्हणूनच माझ्याकडून गेलेला प्रश्न त्याच्यासाठी नुसता प्रश्न राहत नाही. मित्राने ‘कसा आहेस’ विचारलं तर ‘ठीक’ म्हणून दोन दिवसांनी लिहिता येतं. साहेबांनी विचारलं तर उत्तर लगेच द्यायचं असतं, आणि उत्तरात आपण किती बरे आहोत हेही दाखवायचं असतं. ‘आता बराच बरा आहे’ हे वाक्य त्यातूनच आलं असणार.

बाकीच्या वाक्यांचंही तसंच. ‘तुझ्याविना धावपळ झाली’ हे मी कौतुक म्हणून लिहिलं. अंथरुणावरून वाचणाऱ्याला ते ‘तू गेलास आणि आमचे हाल झाले’ असंच ऐकू येतं. ‘सवडीने’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातली मेख दिसत नाही. सवडीने करायचं काम करायचं तर असतंच, फक्त त्याला तारीख नसते, आणि तारीख नसलेलं काम पडून असलेल्या माणसाच्या डोक्यात दिवसभर फिरत राहतं. ‘लवकर बरा हो’ वर मी थोडं भांडलेसुद्धा. म्हटलं, एवढं तर सगळेच म्हणतात. त्या म्हणाल्या, “सगळ्यांनी म्हणावं. तुम्ही ‘लवकर’ म्हटलं की ती मुदत होते.” माझं मत अजूनही असं आहे की हे जरा ताणलेलं आहे, पण तेव्हापासून मी ‘काळजी घे’वर थांबते, कारण त्यात काहीच हरवत नाही.

कायद्याचं म्हणाल तर देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत १९९३च्या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजा कायद्याखालच्या रजेवर असलेल्या माणसाकडून काम करून घेतलं तर तो रजेत अडथळा ठरू शकतो, मात्र एखादी फाइल कुठे आहे असा किरकोळ फोन न्यायालयांनी सहसा चालवून घेतला आहे. त्या मापाने माझा मेसेज निर्दोष ठरला असता. मी एकही काम सांगितलं नव्हतं. तरी रात्रीची ती टीप शीटमध्ये होतीच.

दुसरा मेसेज, दुरुस्तीचा

आधी एक साधी गोष्ट करायची होती: त्याचं लॉगिन रजा संपेपर्यंत थांबवायचं. पण गुपचूप थांबवलं आणि एखाद्या रात्री त्याने उघडायचा प्रयत्न केला तर? पासवर्ड चालत नाही म्हटल्यावर त्याच्या मनात काय आलं असतं हे सांगायला नको. म्हणजे लॉगिन बंद करायच्या आधी ते त्याला सांगणं भाग होतं. मी लिहिलं होतं, ‘रजेवरच्या सगळ्यांचं करतो तसंच.’ एचआरच्या बाईंनी विचारलं, “करतो का?” करत नव्हतो. मग त्यांनी आयटीशी बोलून तो नियम त्याच दिवसापासून लांब रजेवरच्या सगळ्यांना लागू केला आणि मगच ते वाक्य मेसेजमध्ये राहू दिलं. दिलासा द्यायचा म्हणून खोटं लिहिलं आणि ते नंतर उघडं पडलं तर पुढच्या कुठल्याच वाक्यावर त्याचा विश्वास बसला नसता.

मेसेज असा गेला:

“सोमवारी मी तारीख विचारली ते चुकलं. तो प्रश्न मागे घेते, डॉक्टरांना विचारू नकोस. रजेचे कागद आणि तारखा एचआरकडे असतात, माझ्याकडे नाही. तुझं लॉगिन रजा संपेपर्यंत थांबवलंय, लांब रजेवरच्या सगळ्यांचं करतो तसंच. परत येशील त्या दिवशी सुरू होईल. टीमकडून कामाचा फोन येणार नाही, आला तर उचलू नकोस. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.”

आधीच्यापेक्षा पुष्कळ बरा. प्रश्न एकही नाही, बंद काय केलं आणि का केलं ते स्पष्ट, चूक कुणाची तेही स्पष्ट. तरीही चाळीस मिनिटांत उत्तर आलं: “ठीक आहे मॅडम. थँक्यू. तुम्ही काळजी करू नका.”

आता तो मला धीर देत होता.

दोन गोष्टी चुकल्या होत्या. एक, ‘चालेल’. ‘उत्तर दिलं नाहीस तरी चालेल’ म्हणजे दिलंस तर बरं, नाही दिलंस तर मी समजून घेईन. निर्णय त्याच्यावरच सोपवलेला. समजूतदार माणूस अशा वेळी उत्तर देतोच. लिहायला हवं होतं ‘उत्तर नको’. मराठीत ते थोडं तुटक वाटतं, म्हणून हात अडखळतो. पण इथे तो तुटकपणाच उपयोगी आहे, कारण त्याने उत्तर न देण्याची जबाबदारी माझ्याकडे येते.

दुसरी गोष्ट मला माझ्याच फोनने शिकवली. त्या आठवड्यात एका मीटिंगमध्ये माझा फोन टेबलावर होता आणि वरिष्ठांचा मेसेज आला. बंद पडद्यावर फक्त सुरुवातीचे काही शब्द दिसत होते. बाकीचं न उघडता कळणार नव्हतं. पुढची वीस मिनिटं मी मीटिंगमध्ये नव्हते, त्या शब्दांच्या पुढे काय असेल याचा विचार करत होते. (काहीच नव्हतं, कागदपत्राची पोच होती.) मग लक्षात आलं की त्याच्या फोनवर माझ्या मेसेजचं काय दिसलं असेल: ‘सोमवारी मी तारीख विचारली ते…’ एवढंच. सुटका शेवटच्या ओळीत होती आणि तिथपर्यंत पोचायला अख्खा मेसेज धडधडत्या छातीने वाचावा लागणार होता.

तिसरा मेसेज

तिसरा मेसेज सातव्या आठवड्यात गेला. त्याआधी मी लिहून खोडलं पुष्कळ.

आधी आडवाटेची एक व्यवस्था सांगते, कारण मेसेज कितीही चांगला लिहिला तरी तिच्याशिवाय उपयोग झाला नसता. टीममधले बाकीचे पाचही जण त्याला मेसेज करत होते, सगळे मनापासून. कुणी विनोद, कुणी तब्येतीची चौकशी, कुणी आमच्या टेबलाचा फोटो. प्रत्येकाचा आठवड्याला एक धरला तरी आजारी माणसाला रोज एकाला उत्तर देणं आलं. शिवाय टीमच्या ग्रुपवर दिवसभर बिलांची चर्चा चालायची आणि तो त्या ग्रुपमध्ये होता. त्याला काढून टाकावं असं एकाने सुचवलं. ‘तुम्हाला ग्रुपमधून काढण्यात आलं आहे’ ही ओळ त्याच्या फोनवर उमटू देणं मला मान्य नव्हतं. मग आम्ही कामासाठी नवा ग्रुप केला, त्याच्याशिवाय, आणि जुना शांत पडू दिला. मेसेज करायचा तर तो टीमतर्फे मीच करणार असं ठरलं. ज्यांची त्याच्याशी कामाबाहेर मैत्री आहे त्यांनी मित्र म्हणून काय करायचं ते करावं, फक्त ऑफिसचं नाव काढू नये.

वेळ बदलली. सोमवारी सकाळी साहेबांचं नाव फोनवर दिसलं की कुणालाही कामच आठवणार. रात्री दिसलं तर काहीतरी बिघडलंय असं वाटणार. गुरुवारी दुपारी चार ही मला त्यातल्या त्यात निरुपद्रवी वेळ वाटली. सगळं एकाच मेसेजमध्ये लिहायचं ठरवलं. तुकड्यातुकड्याने पाठवलं की फोन पाच वेळा वाजतो.

माध्यमाबद्दल माझं नक्की काही ठरत नव्हतं. ऑफिसची मेल तो उघडू शकत नव्हता, ते बरंच होतं. फोनवरच्या मेसेजची अडचण अशी की वाचल्याची खूण पाठवणाऱ्याला दिसते, आणि ती दिसते हे वाचणाऱ्यालाही माहीत असतं. वाचून गप्प बसलो हे मॅडमना कळलं, असं त्याला वाटणार. माझ्या फोनवर ती खूण मी बंद केली, पण ते त्याला सांगायचं तर आणखी एक वाक्य वाढतं. सांगितलं नाही.

पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘इथे सगळं मस्त चाललंय, अजिबात काळजी करू नकोस.’ आधीच्या ‘तुझ्याविना धावपळ’वरचा उतारा म्हणून. वाचून पाहिलं तर आता दुसऱ्याच बाजूला पडले होते. सात आठवडे तू नाहीस आणि सगळं मस्त चाललंय, याचा अर्थ आजारी माणूस काय लावेल? तुझी गरज आहे म्हटलं तर अपराधी वाटतं, सगळं छान आहे म्हटलं तर आपण नसलो तरी चालतं असं वाटतं. या दोन्हींच्या मधला शब्द शोधण्यात मी एक संध्याकाळ घालवली. शेवटी कळलं की शब्द शोधायचा नाहीच, टीमच्या मनःस्थितीबद्दल बोलायचंच नाही. त्याच्या कामाचं नेमकं काय केलं एवढंच सांगायचं: कुणाकडे दिलं, कधीपर्यंत, आणि त्यात त्याच्यासाठी काही उरलं आहे का. ‘रजा संपेपर्यंत’ हे शब्द तिथे फार कामाचे ठरले. काम तात्पुरतं गेलं आहे हे त्यातून आपोआप कळतं, वेगळं वचन द्यावं लागत नाही.

गेला तो मेसेज असा:

“उत्तर नको, फक्त निरोप आहे. तुझी बिलं रजा संपेपर्यंत दोघांत वाटून दिली आहेत आणि महिनाअखेर वेळेत झाली. त्यात तू बघण्यासारखं काही उरलेलं नाही. टीमचा नमस्कार. ते वेगवेगळे मेसेज करणार नाहीत, मीच तसं सांगितलंय. माझा पुढचा मेसेज चार आठवड्यांनी येईल. तो नको असेल तर मला किंवा एचआरला नुसतं ‘नको’ कळव, कारण सांगू नकोस. काळजी घे.”

‘मला किंवा एचआरला’ हे एचआरच्या बाईंनी घातलं. मी फक्त ‘मला’ लिहिलं होतं. मॅडमना ‘तुमचा मेसेज नको’ असं थेट कोण सांगणार? दुसरं दार ठेवलं नाही तर दिलेली सूट कागदावरच राहते. आणि पुढचा मेसेज कधी येणार हे सांगितल्याने मधले चार आठवडे फोन वाजला तरी तो माझा नसणार हे त्याला माहीत होतं.

यानंतर काहीच आलं नाही. एक दिवस, चार दिवस, आठवडा. मीच ‘उत्तर नको’ लिहिलं होतं आणि मीच अस्वस्थ होते. ‘मिळाला ना?’ एवढंच विचारावं असं दोनदा टाइप करून खोडलं. त्या दोन शब्दांनी आधीचं सगळं धुऊन निघालं असतं. त्याला लगेच कळलं असतं की उत्तर हवंच होतं. मनाची समजूत घालायला माझ्याकडे एकच गोष्ट होती: त्याचे दाखले एचआरकडे वेळेवर येत होते. म्हणजे तो आहे, घरचे त्याच्याबरोबर आहेत, ठरलेलं काम होतंय, आणि त्याला माझ्याशी बोलायचं नाहीये. तेवढ्याने मला पुरे व्हायला हवं. दाखलेही थांबले असते आणि एचआरच्या फोनलाही उत्तर मिळालं नसतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा त्याने अडचणीच्या वेळी कळवण्यासाठी दिलेल्या नंबरवर एचआरने विचारायचं असतं, तेही तो सुखरूप आहे ना एवढंच. तिथेही मी पडायचं नाही.

अकराव्या दिवशी उत्तर आलं, नुसता अंगठा. माफी नाही, तब्येतीचा अहवाल नाही, बिलांचं नाव नाही. मला मेसेज जमल्याची ती पहिली खूण वाटली.

चौथा मेसेज

अकराव्या आठवड्यात एचआरने कळवलं की रजा आणखी चार आठवडे वाढली आहे. माझा ठरलेला मेसेज त्याच आठवड्यात होता. हा सगळ्यांत अवघड होता, कारण आता लिहिण्यासारखी घटना घडलेली होती आणि ती त्याच्यासाठी वाईट होती.

“उत्तर नको. रजा वाढल्याचं एचआरकडून कळलं. कामाची वाटणी तितकीच पुढे नेली आहे, ते काम झालंसुद्धा. परत येण्याबद्दल बोलायचं ते तुझ्या डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर, एचआरबरोबर बसून. त्याआधी माझ्याकडून तो विषय निघणार नाही. पुढचा मेसेज पुन्हा चार आठवड्यांनी. काळजी घे.”

यातून दोन वाक्यं काढली होती. एक होतं, ‘तुला किती कंटाळा आला असेल याची कल्पना आहे.’ मला नव्हती कल्पना. दुसरं, ‘तुझी जागा तुझीच आहे, निश्चिंत राहा.’ ते काढताना मला जिवावर आलं होतं. एचआरच्या बाईंचं म्हणणं दोन बाजूंनी बरोबर होतं. ते वचन देण्याचा अधिकार माझा नाही. उद्या टीमचीच रचना बदलली तर ते लेखी वाक्य त्याच्या हातात राहील आणि माझ्या हातात काहीच नसेल. शिवाय जागेचा विषय काढला की जागा जाऊ शकते हा विचार तोपर्यंत त्याच्या मनात नसला तरी आता येतो. त्याऐवजी ‘वाटणी पुढे नेली आहे, झालंसुद्धा’ हे वाक्य राहिलं. रजा वाढल्याने माझ्याकडे काही अडलेलं नाही हे त्यात पुरेसं येतं.

या वेळी उत्तर आलंच नाही आणि मी वाटही पाहिली नाही. म्हणजे, थोडी पाहिली.

नंतर कळलेलं

तो सतराव्या आठवड्यात आला, पहिले तीन आठवडे अर्धा दिवस. मेसेजबद्दल मी विचारलं नाही. दोनेक महिन्यांनी, एका जुन्या फरकावर काम करताना, त्यानेच विषय काढला.

पहिला मेसेज आला तेव्हा त्याला बसता येत नव्हतं. कुशीवर पडून, फोन तोंडासमोर धरून त्याने उत्तर टाइप केलं होतं. बायको म्हणाली, “एवढं काय तातडीचं आहे?” तेव्हा तो म्हणाला होता, “मॅडमनी विचारलंय.” त्या आठवड्यात त्याने डॉक्टरांना तारीख दोनदा विचारली. दुसऱ्यांदा डॉक्टर वैतागले. म्हणजे मी प्रश्न मागे घेईपर्यंत तो पोचायचा तिथे पोचला होता.

दुसऱ्या मेसेजमधलं लॉगिनचं वाक्य वाचून त्याला आधी धक्का बसला होता आणि मग ‘सगळ्यांचं करतो तसंच’ वाचून ओळखीतल्या दुसऱ्या एका रजेवरच्या माणसाला विचारून त्याने खात्री करून घेतली होती. त्याचंही बंद होतं. ते वाक्य खरं करून मगच लिहिल्याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

तिसरा मेसेज त्याने चार दिवस उघडलाच नव्हता.

“वाचला नाहीस?”

“वाचला ना. वर दिसत होतं, ‘उत्तर नको, फक्त निरोप आहे’. म्हटलं, मग सावकाश बघू. तोवर पाठ फार दुखत होती.”

मग काही वेळ आम्ही क्रेडिट नोट शोधत होतो. ती त्याने सांगितलेल्या तिमाहीत नव्हती, तिच्या आधीच्या तिमाहीत निघाली. रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी घातलेली ती टीप चुकीची होती आणि आमच्यापैकी एकाने तिच्यावर विसंबून अर्धा दिवस घालवला होता.

यंदा टीममधल्या आणखी एक बाई लांब रजेवर गेल्या आहेत. या वेळी आदल्या दिवशीच्या बैठकीत तो प्रश्न विचारला. मला वाटलं होतं त्याही चार आठवडे म्हणतील. त्या म्हणाल्या, “चार? मला वाटेल विसरलात. दर सोमवारी टाका, आणि ऑफिसच्या गप्पाही सांगा, नाहीतर करमणार नाही. फक्त उत्तर द्यायला लावू नका.” मी वहीत तसंच लिहून घेतलं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, जी वेळ मी त्याच्या बाबतीत टाळली होती त्याच वेळेला, त्यांना चार ओळी जातात. पहिली ओळ मात्र तीच असते.